फोटोतून कापड ओळखायचं कसं? मावशीच्या सहा साड्यांचा धडा

(या भागाची लिखित प्रत. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केले आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं आहे.)

आजचा भाग ऐकताना मोबाईल खिशात ठेवू नका, हातातच ठेवा. मध्ये एकदा कॅमेरा उघडायला लागणार आहे. आणि जीन्स घातली असेल तर उत्तमच.

माझी एक मावशी सोलापूरला असते. घरातूनच साड्या विकते, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, त्यात फोटो टाकते, ओळखीतल्या बायका घेतात. माल ती वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून मागवते आणि तोही बहुतेक वेळा फोटो बघूनच. दोन वर्षांपूर्वी तिने मला एक फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "अगं, हा माणूस म्हणतो अस्सल पोचमपल्ली इकत आहे. तू कॉम्प्युटरवाली ना, मोठा करून बघ आणि सांग खरं का खोटं."

मी बीटेक. कापडातलं मला काय कळतंय? मी शोधलं, एका ठिकाणी सापडलं की छापील कापड मागून फिकट असतं आणि खरं इकत दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. मावशीला म्हटलं, मागचा फोटो मागव. आला. दोन्ही बाजू सारख्या! मी लगेच लिहिलं, "खरं आहे, घे." तिने सहा साड्या घेतल्या, २,८०० रुपयांना एक.

पहिलीच साडी घेतलेल्या बाईंचं माहेर तेलंगणात. त्यांनी साडी हातात घेतली, पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काढला आणि मावशीसमोर धरला. धाग्यावर लाल, फिकट, लाल, फिकट असे बारीक बारीक ठिपके होते. त्या म्हणाल्या, "ताई, हे छापलंय." झालं. मावशीने पैसे परत केले आणि उरलेल्या साड्या साध्या प्रिंटेड म्हणून निम्म्या भावात काढल्या. मला ती काही बोलली नाही, पण मला स्वतःचीच लाज वाटली. त्या बाईंना जे एका धाग्यात दिसलं, ते मला अख्ख्या फोटोत का दिसलं नाही? तेच आज सांगणार आहे.

दोन वेगळे प्रश्न

माझी पहिली चूक म्हणजे मी एकच प्रश्न विचारत होते, "हे कुठलं कापड?" खरं तर प्रश्न दोन आहेत. पहिला, धागे एकमेकांच्या वरून-खालून कसे जातात? म्हणजे वीण कुठली? आणि दुसरा, रंग कधी आला? धाग्यावर, विणायच्या आधी? की कापड तयार झाल्यावर, वरून?

ट्विल आणि सॅटिन ही पहिल्या प्रश्नाची उत्तरं आहेत. इकत हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. इकत ही वीण नाहीच! धागे विणायच्या आधी जागोजागी बांधून रंगवायचे, ही ती पद्धत. शब्दसुद्धा मलय-इंडोनेशियन भाषेतल्या 'बांधणे' यावरून आलाय. अशा धाग्यांची वीण मग काहीही असू शकते. पोचमपल्लीची साडी बहुतेक साध्या विणीत असते. उझबेकिस्तानात 'अटलस' नावाचं रेशमी इकत विणतात, ते सॅटिन विणीत असतं. आणि आपल्या शेजारी गुजरातमध्ये मश्रू म्हणून कापड आहे, वरून रेशमाची सॅटिन, आतून अंगाला लागतं ते सूत. त्यातही इकतचे पट्टे असतात. म्हणजे एकच कापड सॅटिनही आणि इकतही. त्यामुळे कुणी "हे सॅटिन आहे का इकत?" असं विचारलं, तर प्रश्नच चुकलाय.

आधी वीण बघू

आता जीन्सकडे बघा. मांडीवरचं कापड, कॅमेरा जवळ नेऊन. तिरप्या रेघा दिसतात? ती ट्विल.

कापडात उभे धागे असतात, तो ताणा. त्यातून धोट्याने आडवा जातो तो बाणा. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, परत वरून, असा जातो. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. तुमचा साधा सुती शर्ट किंवा धोतर बघा. डेनिममध्ये मात्र उभा धागा तीन आडव्या धाग्यांच्या वरून जातो, मग एकाच्या खालून. शेजारचा उभा धागाही तेच करतो, पण एक घर सरकून. त्याच्या शेजारचा अजून एक घर सरकून. ही सरकण म्हणजेच ती तिरपी रेघ. डेनिमचा ताणा निळा रंगवलेला असतो आणि बाणा पांढरा. वरून तीन घरं निळी दिसतात म्हणून बाहेरून जीन्स निळी. आतून उलटं, म्हणून पांढुरकी. गुडघ्याला फाटलेल्या जीन्समध्ये जे पांढरे आडवे धागे लोंबतात ना, तो बाणा. निळा ताणा तिथे तुटून गेलेला असतो.

सॅटिनमध्ये धागा अजून लांब उडी मारतो. चार धाग्यांच्या वरून, एकाच्या खालून, किंवा सातांच्या वरून आणि एकाच्या खालून. पण ज्या ठिकाणी तो खाली जातो ती ठिकाणं मुद्दाम विखुरलेली असतात. फोटोत ट्विल आणि सॅटिन वेगळं करायचं असेल तर हीच जागा बघायची. धागा खाली जातो ती टाचणीएवढी खूण शोधा. शेजारच्या धाग्याची खूण तिला कोपऱ्याला चिकटून असेल तर ट्विल. शेजारी काहीच नाही, पुढची खूण एकदोन धागे सोडून कुठेतरी लांब, तर सॅटिन. लांब उड्यांमुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चमकतो. त्याच लांब उड्यांमुळे सॅटिनचा दुपट्टा बांगडीत अडकून धागा निघतो.

एक गैरसमज इथेच काढू. सॅटिन म्हणजे रेशीम नाही. सॅटिन ही वीण आहे. धागा पॉलिएस्टरचा असला तरी ती सॅटिनच. फोटोत वीण दिसते, धागा कशाचा आहे ते दिसत नाही.

पण धागा दिसला तर पाहिजे

माझी दुसरी चूक तर माझ्याच क्षेत्रातली होती, त्यामुळे जास्त लागली. मी जो फोटो 'मोठा करून' बघत होते त्यात धागे नव्हतेच.

हिशोब सोपा आहे. समजा व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून आलेला फोटो १,६०० पिक्सेल रुंद आहे, आणि व्यापाऱ्याने पदराची एक मीटर रुंदी त्यात बसवलीय. म्हणजे एका सेंटिमीटरला १६ पिक्सेल. साडीत एका सेंटिमीटरला सहज २५-३० धागे असतात. एका धाग्याच्या वाट्याला पूर्ण पिक्सेलसुद्धा येत नाही! कितीही झूम करा, जे टिपलंच नाही ते कुठून येणार? उलट अशा फोटोत कधीकधी लाटांसारखे पट्टे दिसतात. ते कापडात नसतात. धाग्यांची बारीक जाळी आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलची जाळी एकमेकांवर पडून ते तयार होतात. आपण त्यांना वीण समजतो.

आता तोच १,६०० पिक्सेलचा फोटो, पण त्यात फक्त ४ सेंटिमीटर कापड आहे. एका सेंटिमीटरला ४०० पिक्सेल, एका धाग्याला १३ ते १६. आता धागा वरून गेला की खालून, ते मोजता येतं.

म्हणून आता मावशी व्यापाऱ्याला ठरलेले चार फोटो मागते. पहिला, कापड सपाट ठेवून त्यावर शाळेतली पट्टी ठेवायची, आणि फोटोत पट्टीचे तीन-चार सेंटिमीटरच दिसले पाहिजेत. दुसरा, त्याच जागेचा मागून. तिसरा, नक्षीच्या कडेचा, जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो, आणि त्यात काठही थोडा दिसला पाहिजे. चौथा, पदराच्या टोकाचा एक धागा ओढून पांढऱ्या कागदावर ठेवून.

फोटो काढताना मोबाईल अगदी चिकटवला तर फोकस होत नाही. थोडं मागे घेऊन दोनपट झूम लावलं तर जास्त स्पष्ट येतं, किंवा मोबाईलमध्ये मॅक्रो असेल तर तो. उजेड खिडकीचा, एका बाजूने तिरपा पडणारा, म्हणजे धाग्यांचे उंचवटे सावलीने उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट होतं. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप त्याला परत दाबतं.

इकतची कड

आता मूळ मुद्दा. इकत होतं कसं, ते डोळ्यांसमोर आणलं की फोटोत काय शोधायचं ते आपोआप कळतं.

पोचमपल्लीकडे धागे चौकटीवर ताणतात. नक्षीप्रमाणे ठराविक ठिकाणी रबराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळतात, कित्येकदा सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या. मग रंगात बुडवतात. बांधलेला भाग कोरा राहतो. दुसरा रंग हवा असेल तर परत सोडायचं, परत बांधायचं, परत बुडवायचं. मग ते धागे मागावर जातात. आता कल्पना करा, प्रत्येक धागा आधीच लाल-पांढरा-लाल आहे, आणि विणकर एकेक धागा शेजारी बसवतोय. दर वेळी पांढरा भाग पहिल्याच्या नेमका खाली येईल का? नाही. केसभर पुढे, केसभर मागे होणारच. म्हणून इकतच्या नक्षीची कड पिसासारखी, दातेरी दिसते.

पण ही दातेरी कड सगळीकडे नसते, आणि हीच खरी खूण आहे. धागा फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे सरकू शकतो. म्हणून साडीचा फोटो असा धरा की काठ उभा येईल. साडीत ताणा काठाला समांतर असतो, म्हणजे आता ताणा उभा आणि बाणा आडवा. फक्त बाणा रंगवलेलं इकत असेल, तर नक्षीची डावी-उजवी कड दातेरी असेल आणि वरची-खालची कड सरळ, स्वच्छ. फक्त ताणा रंगवला असेल तर उलटं, वर-खाली दातेरी, डावी-उजवी स्वच्छ. आणि दोन्ही रंगवलेले असतील, म्हणजे डबल इकत, पाटणचा पटोळा हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण, तर चारही कडा थोड्या थोड्या दातेरी. काठ फोटोत का मागायचा ते आता कळलं ना? काठाशिवाय उभं कुठलं आणि आडवं कुठलं तेच ठरत नाही.

छापील नक्कल करणाराही हुशार असतो. तो दातेरी कड चित्रातच काढतो आणि तीच छापतो. दुरून हुबेहूब. पण जवळून बघितलं की त्याचा दाता धाग्याला जुमानत नाही. खऱ्या इकतमध्ये एक दाता म्हणजे एक धागा किंवा एकत्र बांधलेले काही धागे. रंग बदलतो तो धाग्याच्या लांबीत. छापीलमध्ये रंगाची रेघ एकाच धाग्याला मधोमध, लांबीत चिरत जाते, अर्धा लाल अर्धा पांढरा. आणि उभे-आडवे दोन्ही धागे एकाच रेघेवर रंग बदलतात.

आणि धागा ओढला तर प्रश्नच मिटतो. छपाईचा रंग वरून येतो. विणीत धागा जिथे दुसऱ्याच्या खाली लपलेला असतो तिथे रंग नीट पोचत नाही. बाहेर काढला की ठिपके दिसतात, मावशीच्या साडीसारखे. इकतचा धागा सेंटिमीटरच्या सेंटिमीटर एकच रंग, चोहोबाजूंनी, मग दुसरा रंग.

मग मागची बाजू का फसवून गेली? कारण ते कापड पातळ सुती होतं. पातळ कापडात छपाईचा रंग आरपार जातो आणि मागूनही जवळपास तसाच दिसतो. मागून फिकट असेल तर बहुधा छापील, हे ठीक आहे. पण मागून सारखं म्हणजे इकत, हे उलटं वाक्य खरं नाही. मी ते खरं धरलं.

दुसरी वेळ

गेल्या दिवाळीआधी मावशीकडे दुसऱ्या व्यापाऱ्याचा फोटो आला. "पोचमपल्ली, सिल्क, डबल इकत", ९,५०० रुपयांना एक. मावशीने लगेच चार फोटो मागितले. तो थोडा कुरकुरला, पण पाठवले. आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर बसलो.

पहिला फोटो, पट्टीवाला. एका सेंटिमीटरमध्ये उभे ३२ धागे मोजले, आडवे २८. एक वर एक खाली, साधी वीण. दुसरा, मागचा. रंग तेवढाच गडद. पण आता आम्ही त्यावर भाळलो नाही. तिसरा, नक्षीची कड. मरून जमिनीवर पांढरं फूल. काठ उभा धरला. फुलाची डावी-उजवी कड दातेरी, धागे एक-दोन मिलिमीटर पुढेमागे. प्रत्येक दाता धाग्यावर संपत होता. मावशी म्हणाली, "खरं आहे गं हे!"

"थांब," मी म्हटलं. "वरची कड बघ."

वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. खालचीही. आणि मग मावशीनेच दाखवलं, "हे पांढरं फूल पांढरं नाहीये. गुलाबी दिसतंय." झूम केलं तर पांढऱ्या फुलात सगळीकडे मरूनचे बारीक ठिपके. म्हणजे आडवे धागे पांढरे झालेत, पण त्यांच्यातून जाणारे उभे धागे मरूनच आहेत. डबल इकतमध्ये फुलाच्या जागी उभा धागाही पांढरा असता, आणि मध्यभाग स्वच्छ पांढरा दिसला असता. चौथ्या फोटोने ते पक्कं केलं. ओढलेला आडवा धागा दोनेक सेंटिमीटर मरून, मग पांढरा, मग मरून. आणि पदराच्या दशा, म्हणजे ताण्याचे धागे, टोकापासून आतपर्यंत सलग मरून.

तर निकाल असा, इकत खरं, पण एकेरी. फक्त बाण्याचं. यात कमीपणा काही नाही, त्यालाही कुणीतरी बांधून-रंगवून मेहनत केलेली आहे. पण डबलमध्ये ताणा आणि बाणा दोन्ही रंगवून मागावर एकमेकांवर जुळवावे लागतात, कष्ट आणि वेळ कितीतरी जास्त लागतो, आणि भाव त्याचाच लावला होता. मावशीने त्याला फोन केला. भांडली नाही. म्हणाली, "दादा, ताणा सलग आहे, डबल कसं म्हणता?" तिकडे दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "मला जसं सांगितलं तसं मी लिहिलं, ताई." शेवटी ६,८०० ला ठरलं. तिने चार घेतल्या आणि ग्रुपवर स्वच्छ लिहिलं, "एकेरी इकत". चारही गेल्या.

जे फोटो सांगत नाही

दोन गोष्टी मात्र आम्ही फोटोवरून ठरवल्या नाहीत. एक, ते रेशीम आहे का. त्यासाठी साडी आल्यावर मावशीने ओढलेला धागा ताटलीत जाळून बघितला. जळलेल्या केसांसारखा वास आला आणि राख बोटात चुरली, म्हणजे रेशीम. वितळून कडक मणी झाला असता तर पॉलिएस्टर. दुसरी, हातमाग की यंत्रमाग. रंगवलेले धागे यंत्रमागावरही विणता येतात आणि जवळचा फोटो सारखाच दिसू शकतो. त्यासाठी लेबल आणि व्यापाऱ्याची खात्री, एवढंच.

आणि एक नक्कल अशी आहे जी या चाचण्यांतूनही निसटू शकते. विणायच्या आधी फक्त ताण्यावर छपाई करतात आणि मग विणतात. तिथे कड खरोखरच धाग्यांच्या सरकण्यामुळे दातेरी होते, कारण रंग विणायच्या आधीच आलेला असतो. फोटोत ते ताण्याच्या इकतसारखंच दिसतं. म्हणून वर-खाली दातेरी कड दिसली तर मी आता "इकत" असं ठामपणे लिहीत नाही. "विणायच्या आधी रंगवलंय" एवढंच लिहिते. आणि मावशीला सांगते, साडी हातात आल्यावर बघू.

तर आजचं काम. जीन्सचा एक फोटो, पट्टी ठेवून, तिरप्या उजेडात. निळा धागा किती पांढऱ्यांवरून जातो ते मोजा. तीन आले तर तुमचा कॅमेरा आणि तुमची पद्धत दोन्ही ठीक आहेत. धागे दिसलेच नाहीत, तर साडीच्या फोटोवर अजून मत देऊ नका. मी दिलं होतं, सहा साड्यांना पडलं.

भेटू पुढच्या भागात.